शब्दचर्चा : ‘डिंपलिंग’ला ‘खळी’ म्हणावे का?

मजकूरनवीस : स्त्रियांसाठी रुग्णालयात लावायच्या एका फलकाचा मजकूर मी मराठीत करत आहे. त्यावरील छायाचित्रात एका स्तनाच्या खालच्या, बाहेरच्या भागात त्वचा किंचित आत गेलेली दिसते आणि त्याखाली ‘डिंपलिंग’ असे लिहिले आहे. शेजारच्या छायाचित्राखाली ‘पकरिंग’ हा शब्द आहे. कोशात पहिल्यासाठी ‘खळी’ मिळते, परंतु खळी म्हटले की हसऱ्या गालाचीच आठवण होते, आणि ज्या खुणेमुळे बाईने तपासणीला जावे तिला इतके गोड नाव देणे मला खटकते. दुसरा शब्द आहे का?

सावंतवाडीकर : ‘खड्डा’ किंवा ‘खळगा’ लिहावे. आतले मांस झिजले म्हणूनच वरची त्वचा खाली बसली असणार, तेव्हा तोच शब्द अर्थाला धरून आहे.

उसवण : मी शिवणकाम करते, म्हणून मला ‘चुणी’ सुचते. शिलाई यंत्राच्या दोऱ्याचा ताण जास्त झाला की टाक्याच्या दोन्ही बाजूंचे कापड गोळा होते, आणि त्याला आम्ही चुण्या पडल्या असे म्हणतो. तिथे कापड कमी झालेले नसते, फक्त दोऱ्याने ते ओढून धरलेले असते. त्या छायाचित्रात असेच काही घडले असेल, तर ‘खड्डा’ चुकीचा ठरेल.

जुना सर्जन : दोऱ्याची उपमा अगदी नेमकी आहे. स्तनाच्या आतून त्वचेपर्यंत तंतूंचे बारीक पट्टे गेलेले असतात. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1840 मध्ये त्यांचे वर्णन केले आणि ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. गाठ अशा पट्ट्यांत शिरली की ते आखूड होतात आणि त्यांच्या टोकाची त्वचा आत खेचली जाते, म्हणजे सावंतवाडीकर म्हणतात तसे मांस झिजलेले नसते. म्हणूनच हात खाली सोडलेले असताना जी खूण जेमतेम दिसते, ती दोन्ही हात डोक्यावर नेल्यावर, कमरेवर हात ठेवून जोराने दाबल्यावर किंवा पुढे वाकल्यावर स्पष्ट होते, कारण बाकीची त्वचा सरकते आणि धरलेला ठिपका जागीच राहतो. शब्द कोणताही घ्या, त्यात ‘ओढ’ असली पाहिजे. नाव ‘खळी’ दिले तर बाई हात न उचलता आरशात पाहील आणि काही नाही म्हणून परत फिरेल.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल : अशी ओढ कर्करोगानेच येते असे नाही. स्तनाला मार लागून आतली चरबी मेली किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण राहिला तरीही त्वचा आत ओढली जाते. नुसत्या डोळ्यांनी यांतले काय आहे हे ठरवता येत नाही, आणि छायाचित्रावरून तर मुळीच नाही.

नवखी : म्हणजे छायाचित्र काढून कुणाला पाठवायचे असते का? माझ्या एका स्तनाचे बोंड मी चौदा वर्षांची असल्यापासून आत आहे, आणि आता हे वाचून मला भीती वाटू लागली आहे.

सावंतवाडीकर : बोंड आत गेलेले असणे वाईटच, असे मी ऐकले आहे.

जुना सर्जन : ते अर्धेच खरे आहे. वयात आल्यापासून आत असलेले आणि बोटांनी हलकेच दाबल्यावर बाहेर येणारे बोंड ही बहुतेक वेळा त्या बाईची ठेवणच असते. चिंता असते ती बदलाची. पूर्वी बाहेर असलेले बोंड एकाच बाजूला आत वळले, बाहेर येईनासे झाले किंवा एका दिशेला तिरके ओढले गेले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. बोंडावर खवले धरले, ते ओले राहू लागले आणि मलम लावूनही बरे होत नसेल, तरीही दाखवावे, कारण तो साधा इसब नसण्याची शक्यता असते. तुमच्या सांगण्यात नवीन काही नाही. तरीही मनात शंका आहे तेव्हा एकदा प्रत्यक्ष तपासून घ्यावे, आणि छायाचित्र कुणालाही पाठवू नये.

उसवण : छायाचित्रावरून आठवले. माझ्या वहिनीला स्तनाखाली घामोळे आले होते आणि ते मुलीला दाखवण्यासाठी तिने भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले. खिडकीचा उजेड बाजूने पडत होता आणि त्यात डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला एक छोटी सावली दिसली. पुढचा कॅमेरा असल्यामुळे चित्र उलटे साठवले गेले होते, त्यामुळे ती आधी उजवी बाजूच चाचपत राहिली! समोरच्या दिव्यात सावली नाहीशी व्हायची, म्हणून तो उजेडाचा खेळ ठरला. हात वर केल्यावर मात्र तिथे चुणी पडे. हाताला गाठ लागत नव्हती आणि दुखतही नव्हते, म्हणून तिने दीड महिना घालवला. तपासणीत डॉक्टरांनीही तिला हात वर करून उभे राहायला सांगितले. मॅमोग्राफीत ठळक काही आले नाही, पण चुणी स्पष्ट असल्याने त्यांनी तेवढ्यावर न थांबता त्याच जागेची सोनोग्राफी केली. तिथे 14 मिलिमीटरचा एक भाग संशयास्पद निघाला आणि सुईने तुकडा घेतल्यावर तो कर्करोग असल्याचे कळले. पेशी गोळा न होता रांगेने पसरणारा, म्हणून हाताला सहज न लागणारा, असा तो प्रकार होता. आता तिचे उपचार चालू आहेत.

मजकूरनवीस : म्हणजे गाठ लागली नाही तरीही जावे, हे फलकावर यायला हवे. किती दिवसांत जावे असे लिहू?

जुना सर्जन : ब्रेसिअरचा वळ किंवा झोपेतली घडी काही तासांत जाते. एकाच बाजूची आणि नवीन असलेली खूण हात वर केल्यावरही दिसत असेल, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता एकदोन आठवड्यांच्या आत स्तनाची तपासणी होते अशा ठिकाणी जावे. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि छिद्रांची दिसू लागली, स्तन लाल होऊन जड झाला, तर तितकेही थांबू नये. दूध पाजणाऱ्या बाईला त्यावर प्रतिजैविके दिली जातात, कारण तिच्या बाबतीत बहुतेकदा तो जंतुसंसर्ग असतो. परंतु औषधाचा क्रम पूर्ण होऊनही लाली तशीच राहिली, तर पुन्हा तीच गोळी न घेता तपासणी मागून घ्यावी.

मजकूरनवीस : मग पहिल्या चित्राखाली असे लिहितो : ‘हात वर केल्यावर त्वचा एका जागी आत ओढली जाणे’, आणि दुसऱ्याखाली ‘त्वचेला चुण्या पडणे’. तिसरे चित्र बोंडाचे आहे, तिथे मात्र अडलो आहे. ‘स्तनाग्र’ लिहिले तर वाचणाऱ्या बायकांना ते संस्कृतच वाटेल, आणि ‘बोंड’ लिहिले तर कार्यालयातले साहेब खोडून टाकतील.

उसवण : वहिनीने डॉक्टरांना ‘बोंड’ म्हणूनच सांगितले होते आणि त्यांना लगेच कळले होते.

सावंतवाडीकर : आमच्या विदर्भातल्या सुनेला ‘बोंड’ म्हटले की आधी कापूसच आठवतो. दोन्ही शब्द शेजारी छापा.

मजकूरनवीस : तेवढी जागा फलकावर नाही. कदाचित ‘निपल’ असेच छापावे लागेल.