भाव वर, व्हॉल्यूम दुप्पट, पण ओआय खाली: लोक येताहेत की निघून जाताहेत? (मदत हवी आहे)

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. एका खासगी बँकेच्या शेअरचे फ्युचर्स माझ्याकडे आहेत, चालू महिन्याचे, खरेदीच्या बाजूने. एक्स्पायरी येत्या मंगळवारी. शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर आकडे असे होते:

भाव ८४० वरून ८५८. त्या दिवशीचा व्हॉल्यूम १ कोटी १० लाख शेअर्स, म्हणजे रोजच्या दुप्पट. ओपन इंटरेस्ट मात्र १ कोटी २० लाखांवरून ९० लाख.

माझं कोडं असं. एवढा व्यवहार झाला म्हणजे लोकांचा रस वाढला, असं एक मन म्हणतं. पण ओआय चौथ्या हिश्शाने घटला म्हणजे लोक गाशा गुंडाळताहेत. दोन्ही खरं कसं असेल? पोझिशन पुढच्या महिन्यात न्यावी की सोडावी, हे मला यावरून ठरवायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

निपाणीचा_ट्रेडर:
एकदम सोपं आहे भावा. भाव वर आणि ओआय खाली म्हणजे शॉर्ट कव्हरिंग. विकून बसलेले घाबरून परत घेताहेत. अशी तेजी टिकत नाही, कारण नवीन खरेदीदार आलेलाच नसतो. मी तर सोमवारी सकाळीच बाहेर पडलो असतो.

शहापूर_पेठ:
पुट-कॉल रेशो किती आहे ते आधी बघा. एकच्या वर असेल तर बिनधास्त धरून ठेवा.

अनगोळकर:
@शहापूर_पेठ दादा, माझा प्रश्न फ्युचर्सचा आहे, ऑप्शनला मी हात लावत नाही. @निपाणीचा_ट्रेडर, घाबरून परत घेणाऱ्यांना माल विकला कोणी, हे मला कळेना. नवीन कोणी आलं नसेल तर १ कोटी १० लाखांचा व्यवहार कोणाकोणात झाला?

खडेबाजार_जुना:
अनगोळकर, तुमचा हा शेवटचा प्रश्नच नेमका आहे. बरीच वर्षं एका ब्रोकरच्या ऑफिसात बसून हे आकडे पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक लॉट हातबदल झाला की व्हॉल्यूम एकने वाढतो, मग तो कोणीही कोणालाही विकलेला असो. ओआयचं तसं नाही. घेणाराही नवा आणि विकणाराही नवा, तर ओआय एकने वाढतो. एक नवा आणि एक जुना बाहेर पडणारा, तर ओआय आहे तिथेच राहतो, फक्त मालक बदलतो. दोघेही जुने आणि दोघेही पोझिशन मिटवताहेत, तरच तो एकने घटतो. म्हणून ३० लाख शेअर्सने ओआय घटला याचा अर्थ ३० लाखांचे खरेदीवाले गेले आणि तेवढेच विक्रीवालेही गेले. ‘शॉर्ट कव्हरिंग’ म्हटलं की फक्त शॉर्टवालेच पळाले असं वाटतं, पण तेवढेच लाँगवालेही निघालेले असतात. भाव वर गेला यावरून एवढंच म्हणता येतं की निघायची घाई शॉर्टवाल्यांना जास्त होती. निपाणीकरांचं अर्धं बरोबर आहे ते इथपर्यंत.

आता व्हॉल्यूम. १ कोटी १० लाखांतल्या ३० लाखांनी ओआय खाली आणला असं धरलं, तर उरलेल्या ८० लाखांचा ओआयवर निव्वळ परिणाम शून्य. सकाळी घेतलं, दुपारी विकलं, किंवा एकाची पोझिशन दुसऱ्याकडे गेली. एसटी स्टँडवर दिवसभरात किती माणसं आली-गेली तो व्हॉल्यूम, आणि रात्री दिवे मालवताना बाकावर किती उरली तो ओआय.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. तुम्ही पुढच्या महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टचा ओआय पाहिलात का?

अनगोळकर:
नाही काका, माझ्या ॲपवर चालू महिनाच समोर येतो. आत्ता पाहिलं. पुढच्या महिन्याचा ओआय ३० लाखांवरून ५५ लाख, व्हॉल्यूम ६० लाख. त्याच्या पुढच्या महिन्यात नगण्य आहे.

खडेबाजार_जुना:
मग चित्र बदललं. दोन्ही महिन्यांची बेरीज करा. गुरुवारी १ कोटी ५० लाख, शुक्रवारी १ कोटी ४५ लाख. तुम्हाला जी ३० लाखांची गळती दिसत होती, त्यातले २५ लाख शेजारच्या खोलीत जाऊन बसले. खरी घट ५ लाखांची, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत.

हा रोलओव्हर. शेअरच्या फ्युचर्समध्ये एक्स्पायरीपर्यंत थांबलं तर प्रत्यक्ष शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात. २०१९ च्या ऑक्टोबरपासून सगळ्याच शेअर्सना हे लागू आहे. तेवढी रक्कम बाजूला ठेवायची नसते, म्हणून बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात चालू महिना विकून पुढचा घेतात. विक्रीवाले याच्या उलट करतात. एकच माणूस, एकच मत, पण व्हॉल्यूम मात्र दोन्ही महिन्यांत मोजला जातो. तुमचा ‘दुप्पट’ व्हॉल्यूम बराचसा त्यातून आलेला असणार. महिन्याच्या मध्यावर असाच दुप्पट व्हॉल्यूम दिसला असता तर मी त्याला कितीतरी जास्त वजन दिलं असतं.

रायबाग_हळद:
मधेच विचारतो, माफी असावी. आमची हळद असते, सांगलीला घालतो. एनसीडीईएक्सवर पाच टनाचा एक लॉट, पुढच्या महिन्याचा विकून भाव बांधून घ्यावा असा विचार आहे. ओआय बरा दिसतो, पण घेणारा आणि विकणारा यांच्या भावात फार अंतर असतं. मग ओआय बघायचा की व्हॉल्यूम?

खडेबाजार_जुना:
अण्णा, तुमच्यासाठी आधी व्हॉल्यूम. ओआय सांगतो की आत किती जण अडकून बसलेत. तुम्हाला हवं तेव्हा समोर गिऱ्हाईक मिळेल का, हे रोजचा व्हॉल्यूम आणि बोलीतलं अंतर सांगतं. ओआय मोठा आणि व्यवहार तुरळक असेल तर बाहेर पडताना भाव सोडावा लागतो. शिवाय तो भाव निजामाबादचा धरलेला असतो, सांगलीच्या भावाशी त्याचं अंतर रोज बदलतं. त्यावर वेगळा धागा काढा, इथे पुरणार नाही.

निपाणीचा_ट्रेडर:
बेरजेचं मान्य. पण काका, तरी ५ लाख घटलेच ना? भाव १८ रुपये चढला आणि नवीन माणूस आला नाही, हे माझं म्हणणं उरतंच.

खडेबाजार_जुना:
निव्वळ नवीन आलं नाही, एवढं उरतं. ५० लाखांचे जुने गेले आणि ४५ लाखांचे नवे आले तरी आकडा हाच दिसेल, ओआय ते वेगळं करून दाखवत नाही. एनएसई रोज संध्याकाळी क्लायंट, प्रोप्रायटरी, परदेशी आणि देशी संस्था यांचा वेगवेगळा ओआय देते, पण तो सगळ्या शेअर फ्युचर्सचा एकत्र. या एका बँकेत कोण आहे ते त्यातून निघत नाही.

अनगोळकर, भावकॉपी उतरवून स्वतः तपासायची असेल तर `OpnIntrst`, `ChngInOpnIntrst` आणि `TtlTradgVol` हे रकाने घ्या आणि त्या शेअरच्या फक्त फ्युचर्सच्या तिन्ही एक्स्पायरींच्या ओळींची बेरीज करा. काही ॲपवर व्हॉल्यूम लॉटमध्ये आणि ओआय शेअर्समध्ये असतो, तिथे आधी एकक जुळवून घ्या.

अनगोळकर:
काका, मनापासून आभार. म्हणजे शुक्रवारच्या आकड्यावरून ‘लोक निघाले’ असं म्हणायला आधार नाही, आणि ‘लोक आले’ म्हणायलाही नाही. मग रोल करू की नको?

खडेबाजार_जुना:
ते मी सांगणार नाही, तुमची ऐपत आणि तुमचा स्टॉपलॉस तुम्हाला ठाऊक. दोन महिन्यांच्या भावातला फरक मात्र जरूर बघा. पुढचा महिना नेहमीपेक्षा महाग मिळत असेल तर खरेदीवाले रोल करायला जास्त पैसे मोजताहेत. चालू महिन्यापेक्षाही स्वस्त असेल तर विक्रीवाल्यांचा जोर असू शकतो. पण मधे डिव्हिडंड येत असेल तर त्यानेही पुढचा महिना स्वस्त दिसतो, तेव्हा ती तारीख आधी तपासा. बुधवारपासून पुढच्या महिन्याचा ओआय कसा चालतो ते इथेच टाका.

निपाणीचा_ट्रेडर:
मी अजून शॉर्ट कव्हरिंगच म्हणतो. बुधवारी बघू.