मदत हवी आहे: सोसायटीच्या चौकातल्या हौदात इमारतीचं प्रतिबिंब दिसत नाही, फक्त स्टिल्टचे खांब दिसतात

माधवी_खारघर
नमस्कार मंडळी. खारघरला आमची स्टिल्ट अधिक सात मजल्यांची सोसायटी आहे, समोरासमोर दोन विंग, मध्ये चौक. चौकात बिल्डरच्या वेळचं कारंजं होतं, ते तीन वर्षं बंद पडून होतं. यंदा ए विंगचा दर्शनी भाग रंगवून घेतला, फार सुंदर झालाय. तेव्हा कमिटीत ठरवलं की कारंजं पुन्हा चालू करण्याऐवजी हौदात नुसतं शांत पाणी ठेवायचं, म्हणजे इमारत त्यात उतरलेली दिसेल. हे काम माझ्याकडे आहे.

हौद साफ केला, गळती बंद केली, पाणी भरलं. पण समोरच्या बाकावर बसलं की पाण्यात फक्त स्टिल्टचे खांब आणि उभ्या केलेल्या स्कूटर दिसतात. वरचे मजले गायब. शिवाय पंप चालू असला की तेही थरथरतं. हौदाचा तळ फिकट निळ्या टाइल्सचा आहे, खोली २ फूट. काय चुकतंय? पुढच्या रविवारी सभा आहे, तोवर काहीतरी ठोस सांगायला हवं.

सुहास_डोंबिवली
आमच्याकडे टाकीला असंच झालं होतं. टाइल्सच्या सांध्यातून पाणी जातं, पातळी उतरते आणि खालचंच दिसतं. ग्राउट पुन्हा भरून घ्या, वर कोटिंग मारा.

माधवी_खारघर
सुहासदादा, गळती नाहीये. चार दिवस पंप बंद ठेवून खूण करून बघितली. प्रश्न प्रतिबिंबाचा आहे.

ठाणेकर_जयंत
पाणी काठोकाठ भरा आणि खोली वाढवा. पाणी जितकं खोल तितका आरसा चांगला. रोज पहाटे तलावपाळीला फिरतो मी. मासुंद्यात पलीकडच्या इमारती गच्चीपर्यंत दिसतात. तिथे कुणी वेगळं काही केलेलं नाही. खोल पाणी आहे, बस्स.

बागेतला_विलास
माधवीताई, मी लँडस्केपच्या साइटवर वीस वर्षं काढली आहेत, असे हौद बरेच केलेत आणि दोनतीन बिघडवलेही आहेत. आधी मापं द्या. भिंतीपासून हौदाची पलीकडची कड किती फुटांवर? हौदाची लांबी? कठडा किती उंच, पाणी कठड्याच्या किती खाली? बाक हौदापासून किती लांब? आणि इमारतीची उंची.

माधवी_खारघर
आत्ताच टेप घेऊन मोजलं, वॉचमनकाकांनी दुसरं टोक धरलं. भिंतीपासून १२ फुटांवर हौद सुरू होतो, हौद ३० फूट लांब. कठडा दीड फूट, पाणी त्याच्या ९ इंच खाली. बाकावर बसलं की डोळे जमिनीपासून ४ फुटांवर, आणि तिथून कठड्याची आतली कड १२ फूट. इमारत ७५ फूट.

बागेतला_विलास
मग उत्तर मापातच आहे. पाण्यात जो बिंदू तुम्ही बघता, तिथून नजर ज्या कोनात खाली आली त्याच कोनात वर जाते आणि भिंतीला लागते. म्हणजे दोन सारखे त्रिकोण, आठवी-नववीची भूमिती. एक त्रिकोण तुमचा डोळा ते तो बिंदू, दुसरा तो बिंदू ते भिंत.

तुमचा डोळा पाण्याच्या सव्वातीन फूट वर आहे. कठडा आड येतो, म्हणून बाकावरून पाण्याचा सगळ्यात जवळचा दिसणारा बिंदू साधारण साडेपंधरा फुटांवर आहे. तिथून भिंत राहते साडेअडतीस फूट, म्हणजे अडीच पट. सव्वातीनाचे अडीच पट, आठ फूट. पाणी जमिनीच्या पाऊण फूट वर आहे, ते धरून पावणेनऊ. तुमचा स्टिल्ट तेवढाच असणार. त्याच्या वरचं बाकावरून दिसणं शक्यच नाही, पाणी कितीही नितळ असो.

जयंतकाका, काठोकाठ भरलं तर कठड्याची आड जाते हे बरोबर, पण पाणी वर येतं तसा डोळा पाण्याच्या जवळ येतो. हिशोब करून बघा, सव्वादहा फूट होतात. दीड फुटाचा फायदा. तलावपाळीला तुम्ही काठाला उभे असता, पाणी तुमच्या पायापासून सुरू होतं आणि इमारती लांब आहेत, म्हणून सगळं मावतं. खोलीचा त्यात काही भाग नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात २००६ साली केलेला मोठा जलदर्पण आहे, ग्रॅनाइटच्या फरशीवर फक्त २ सेंटिमीटर पाणी, आणि त्यात समोरची अख्खी इमारत उतरते.

ठाणेकर_जयंत
हे मला नवीन आहे. पण मग बाक पुढे सरकवला की झालं ना?

बागेतला_विलास
अर्धं झालं. डोळा आतल्या कडेपासून ३ फुटांवर आणला आणि पाणी काठोकाठ ठेवलं तर बसून तिसऱ्या मजल्यापर्यंत दिसेल. कठडा काढून पाणी जमिनीच्या पातळीला आणलं तर पाचव्यापर्यंत. कठड्याला टेकून उभं राहिलं तर आत्ताही गच्चीपर्यंत सगळं यायला हवं. माधवीताई, उभं राहून बघितलंत का? काय दिसलं?

माधवी_खारघर
बघितलं. काहीतरी आहे असं वाटतं पण निळ्या टाइल्सच दिसतात. म्हणूनच मला वाटलं की पाणी खराब आहे.

बागेतला_विलास
हीच खरी मेख आहे. पाणी तिरप्या नजरेला चांगला आरसा असतं, वरून बघणाऱ्याला जवळजवळ नसतं. बाकावरून तुम्ही इतक्या तिरक्या बघता की पाणी शंभरातला तीसेक भाग उजेड परत फेकतं, म्हणून खांब निळ्या तळावरही ठळक दिसतात. कठड्याशी उभं राहून गच्ची बघायला मान खाली घालावी लागते, तिथे पाणी शंभरातला जेमतेम दोन भाग परत देतं. आणि फिकट टाइल तिच्यावर पडलेल्या उजेडातला कितीतरी भाग वर पाठवते. दोनाला ती खाऊन टाकते. तळ काळा केल्याशिवाय वरचे मजले मिळणार नाहीत.

टाइल्स फोडण्याआधी एक करा. काळी ताडपत्री तळाला पसरा, कडेला विटा ठेवा, पंप बंद करा आणि सकाळी बघा. ए विंगचं तोंड कुठे आहे?

माधवी_खारघर
पूर्वेला. समोर बी विंग.

बागेतला_विलास
नशीबवान आहात. सकाळी साडेसात-आठला बी विंगची सावली हौदावर असेल आणि ए विंगच्या वरच्या मजल्यांवर ऊन. उजळ भिंत आणि सावलीतलं पाणी, याहून चांगलं काही नाही. दुपारी खाडीकडून वारा सुटला की चौकातून बोळासारखा जातो, तेव्हा आशा धरू नका.

उज्ज्वला_घणसोली
मला हे सगळं वाचून आमचा हौद आठवला. आम्हीही शांत पाणी ठेवलं होतं, जूनमध्ये फवारणीवाले आले, टॉर्च मारला आणि अळ्या दाखवल्या. नोटीस आली, हौद रिकामा केला आणि आता त्यात कुंड्या आहेत. माझ्या मुलाला त्याच महिन्यात डेंग्यू झाला होता, त्यामुळे मला शांत पाण्याचं नाव काढलं तरी धडकी भरते. कृपा करून याचा आधी विचार करा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

बागेतला_विलास
उज्ज्वलाताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि ते सभेत पहिलं मांडायला हवं. पाणी चोवीस तास शांत ठेवायचंच नाही. टायमर लावून पंप रात्रभर चालवा, पहाटे ६ ला बंद, १० ला पुन्हा चालू. पंप बंद झाल्यावर काही मिनिटांत पाणी निवतं. एका बाजूची कड केसभर खाली ठेवून पाणी तिथून पन्हाळीत सांडू द्या, म्हणजे वरची धूळ, पानं, तेलकट तवंग वाहून जाळीत अडकतो. तवंग असेल तर प्रतिबिंब मळकट दिसतं, तळ कितीही काळा असो. आणि गप्पी मासे सोडा. पण मासे सोडले तर क्लोरीन टाकता येत नाही, मरतात. म्हणून आठवड्याला जाळी साफ करणारा माणूस हवा. तो नसेल तर कुंड्याच बऱ्या.

उज्ज्वला_घणसोली
माणूसच टिकत नाही हो. आमच्याकडे दोन महिने केलं, मग सुटलं.

माधवी_खारघर
थरथरण्याचं काय? रात्री पंप चालवायचा हे पटलं, पण संध्याकाळी लोक खाली बसतात तेव्हाही थोडं दिसावं अशी इच्छा आहे.

बागेतला_विलास
तुमचं परतीचं पाणी कुठून येतं? जुन्या कारंज्याच्या नळीतून मधोमध वर येत असेल तर ते बंद करा. पाइप तळाजवळ आणा, तोंड भिंतीकडे वळवा आणि शेवटी मोठ्या व्यासाचा भोकांचा तुकडा लावा, म्हणजे पाणी जोरात न येता झिरपल्यासारखं येईल. हे का करायचं ते सांगतो. पाण्याची पातळी एका जागी एक अंश कलली तर परत जाणारी नजर दोन अंश फिरते. तुमच्या भिंतीवर खालच्या मजल्याला ती दीड-एक फुटाने सरकते, वरच्या मजल्यांना त्याहून बरीच जास्त. म्हणून पंप चालू असला की खांब थरथरतात आणि वरच्या खिडक्यांच्या नुसत्या उभ्या रेघा होतात. हलकी लहर राहिली तरी चालते, किंबहुना नुसत्या काचेपेक्षा ती बरी दिसते, पण ती वाऱ्याची असावी.

माधवी_खारघर
रविवारी केलं! शनिवारी रात्री आम्ही चौघांनी हौद उपसला, काळी ताडपत्री पसरली, पुन्हा भरला. सकाळी सव्वासातला कठड्याशी उभी राहिले. सातव्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजींची तुळस आणि तिच्यामागची पिवळी भिंत पाण्यात माझ्या पायाशी होती, उलटी. आजी गॅलरीत आल्या, तर पाण्यातही आल्या. मग एक फूट मागे सरकले तर गच्ची गेली. आणखी एक फूट, सातवा मजला गेला. विलासदादांचा हिशोब डोळ्यांसमोर घडताना बघितला. कावळा पाणी प्यायला उतरला आणि सगळी इमारत उभी फाटली, मग हळूहळू जुळली.

ताडपत्रीखाली हवा राहून दोन फुगवटे आले, ते दिसतात. सभेत फोटो दाखवले, तळ बदलायला होकार मिळाला. आता दोन प्रश्न उरलेत. तळाला काळा ग्रॅनाइट की कडप्पा? कडप्प्याचा भाव बराच कमी आहे. आणि कठडा काढावा का? काहींना वाटतं की काढला तर लहान मुलं पडतील.

बागेतला_विलास
फोटो बघून खूप बरं वाटलं. कडप्पा ओला असताना काळाच दिसतो, पण टँकरचं पाणी येत असेल तर क्षारांची पांढरी रेघ त्यावर लवकर बसते आणि ती काढायला ॲसिड लावलं तर ते दगडच खातं. ग्रॅनाइट सोसतो. तुमच्याकडे टँकर किती येतात त्यावर आहे.

कठड्याबाबत मी काढा म्हणणार नाही. काळ्या तळात खोली कळत नाही, मोठ्या माणसालाही. तळ भरून खोली ६ इंचांवर आणा, मग विचार करा. प्रतिबिंबाला ६ इंचांनी काही फरक पडत नाही.

ठाणेकर_जयंत
६ इंच पाणी एप्रिलमध्ये तापेल आणि शेवाळ धरेल, त्यात काळा तळ. यावर काय?

बागेतला_विलास
काका, ही शंका खरी आहे. दोन ठिकाणी मी वर सावली असल्यामुळे निभावलं, एका ठिकाणी दर पंधरा दिवसांनी घासावं लागलं. दुपारी बी विंगची सावली हौदावरून गेलेली असते, ए विंगची यायला किती वाजतात, माधवीताई?

माधवी_खारघर
उद्या बसून बघते. टँकर मार्च ते जून, आठवड्याला दोन.