भिंत मोरपंखी करायचीये, घरमालकाच्या मेलला काय उत्तर देऊ?

केतकी, स्टुटगार्ट
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये आम्ही नवीन फ्लॅटमध्ये आलो. सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र, आत शिरलं की हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतं. बेडरूमची पलंगामागची एकच भिंत मोरपंखी करायची आहे. वरच्या मजल्यावरच घरमालक आजोबा राहतात, म्हणून मेल करून रीतसर विचारलं आणि जाताना परत पांढरी करून देऊ असंही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की रंगवा, काही हरकत नाही, पण जाताना अख्खा फ्लॅट पेंटरकडून पांढरा करून द्यायचा आणि तसं सही करून पाठवा. नवरा म्हणतो करून टाक सही, कशाला वाद. करू का?

प्रणव, फ्रँकफर्ट
अगं विचारलंसच कशाला!! जर्मनीत भाडेकरूला परवानगी लागतच नाही, आणि जाताना रंग देण्याच्या छापील अटी तर कोर्टाने बऱ्याचशा रद्द केल्यात. आम्ही लाल भिंत तशीच सोडून आलो, कोणी एक शब्द बोललं नाही.

विद्याताई, म्युनिक
आमचा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलाय, त्या मुलांनी हॉल जांभळा करून ठेवला गं, न विचारता! डिपॉझिटमधून कापले तर वर आमच्याशीच भांडले. केतकी, तू विचारलंस हे फार बरं केलंस. कोणाला पुण्यातला चांगला पेंटर माहीत असेल तर मला वेगळा मेल करा.

सुहास काका, स्टुटगार्ट
केतकी, सही करू नकोस, निदान आत्ता लगेच तरी नको.

परवानगी लागत नाही हे प्रणवचं बरोबर आहे. राहत असताना भिंतीला कुठला रंग द्यायचा हा भाडेकरूचा प्रश्न, आणि राहतानाही अमुकच रंग ठेवा अशी छापील अट वरच्या कोर्टाने 2008 मध्येच रद्द ठरवली होती. पण लाल भिंत सोडून येणं हे त्याचं नशीब. 2013 चा निकाल अगदी ह्याच गोष्टीवर आहे. पांढरं घर ताब्यात घेतलं, लाल-पिवळ्या-निळ्या भिंती करून परत दिलं, तर भरपाई द्यावी लागते. पुढच्या भाडेकरूला चालेल असा फिका, साधा रंग हवा एवढाच मुद्दा, पांढराच पाहिजे असंही नाही.

आता तुझी गोष्ट. कायद्याने तुझ्यावर येते ती एक भिंत, आणि ते मागतायत अख्खा फ्लॅट, तोही पेंटरकडून. छापील करारात अशी अट असती तर बहुतेक टिकली नसती, पण दोघांनी बोलून, मेलामेली करून, वेगळी सही केलेली बोली असेल तर ती मोडणं अवघड जातं. म्हणजे जी जबाबदारी तुझी नव्हती ती तू आपल्या हाताने गळ्यात घेशील. उत्तरात एवढंच लिही की बेडरूमची पलंगामागची एक भिंत मी रंगवते आहे आणि जाताना तीच भिंत मी स्वतः नीट पांढरी करून देईन. बाकी फ्लॅटबद्दल एक अक्षर नको. घर घेतानाचा युबरगाबेचा कागद आणि भिंतीचे आत्ताचे फोटो त्याच मेलला जोड.

केतकी
काका, थँक्यू, पण ते वरच राहतात हो, जिन्यात रोज भेटतात. चिडले तर? आणि भिंतीवर तो लाकडाच्या चुऱ्याचा खरखरीत कागद आहे, त्याचं काय?

सुहास काका
राउफाजर म्हणतात त्याला. वर जाऊन बोल, केक घेऊन जा, पण कागदावर तेवढंच दे. आणि कागदासाठी कमी चिकट टेप घे, साधी टेप ओढली की कागदाचा पापुद्रा सोबत येतो (आमचा आला होता, छताच्या कडेला वीतभर).

भिंत साधारण किती आहे? साडेतीन मीटर रुंद आणि अडीच उंच धरली तर पावणेनऊ चौरस मीटर. एका लिटरात एक हात साधारण सात चौरस मीटर होतो, म्हणजे मोरपंखीच्या दोन हातांना अडीच लिटरचा डबा जेमतेम पुरतो. खरी मेहनत परतीची. मोरपंखीवर पांढऱ्याचा पहिला हात दिला की भिंत आजारी निळसर दिसते आणि माणसं घाबरून ओल्यावरच दुसरा हात मारतात, मग रोलरसोबत रंग उचलून येतो. पूर्ण वाळू दे, गरज पडली तर तिसरा हात दे, पाच लिटर आणून ठेव. झाकणशक्तीच्या वर्ग 1 चा रंग घे, स्वस्तातला घेतलास तर चार हात होतील. आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगव, डागापुरता नको. जुना पांढरा पिवळट झालेला असतो, ठिगळ उजेडात लगेच कळतं.

प्रणव
काका, आमची लाल भिंत सोडून आता चार महिने झाले, अजून डिपॉझिट यायचंय 😬

सुहास काका
घरमालकाला ताबा मिळाल्यापासून नुकसानीचा दावा करायला सहा महिने असतात. दोन राहिलेत.

विद्याताई
केतकी, मोरपंखी छानच दिसेल पण उशा पांढऱ्या घे हो. आणि पेंटरचं कोणी सांगितलंच नाही अजून.

केतकी
काकांनी सांगितलं तसा मेल पाठवला. आजोबांचं उत्तर नाही आलं, पण आज जिन्यात भेटले तेव्हा रंगाचा नंबर विचारत होते. का विचारला कोण जाणे.