रस्त्याकडच्या खिडक्या: आवाजाच्या रिपोर्टवर बी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

सुनीता (बी-304): रिपोर्टची पीडीएफ उघडली. आपल्या बेडरूमच्या खिडकीबाहेर रात्रीची सरासरी 67 डेसिबल. नियम किती आहे?

मिलिंद (बी-702): 2000 च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55, रात्री 45. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आपण घोडबंदर रोडला लागून, ते 45 बाहेर कधीच दिसणार नाहीत. म्हणून सल्लागाराने आतलं लक्ष्य धरलंय: खिडकी बंद असताना बेडरूममध्ये 35.

सुनीता: म्हणजे भिंत-खिडकीने 32 कापायला हवेत.

मिलिंद: हो. भिंत आरामात कापते, अडतं खिडकीपाशी. आपल्या सरकत्या खिडक्या जेमतेम 22 कापतात, म्हणून आत 45.

प्रकाश काका (बी-101): मग डबल काच बसवून टाका की! कोटेशन आलंच आहे.

मिलिंद: काका, ते कोटेशन सरकत्या फ्रेममध्येच डबल काचेचं आहे. खिडकीच्या 1 टक्का जागेत फट असेल, तर काच कितीही भारी घ्या, 20 च्या वर जात नाही. पाच बाय चार फुटांच्या खिडकीत 1 टक्का म्हणजे चहूबाजूंनी साडेतीन मिलिमीटरची फट. सरकत्या खिडकीला सगळीकडे तेवढी नसते, पण फटी बुजवणारे कडेचे ब्रश झिजले की कसर निघते. उदबत्ती लावून कडेने फिरवा, धूर कुठे हलतो ते दिसेल.

सुनीता: 😅 आमच्याकडे खालच्या ट्रॅकजवळ धूर सरळ आत आला. मग काय करायचं?

मिलिंद: रिपोर्टच्या शेवटी दोन पर्याय आहेत. एक, रबर गॅस्केटवर दाबून बसणारी, दारासारखी उघडणारी खिडकी, लॅमिनेटेड काचेची. दोन, जुनी खिडकी ठेवून आतून दुसरी बसवायची, मध्ये 100 मिलिमीटर पोकळी. ट्रकच्या घरघरीला दुसरा जास्त चालतो. डबल काचेतली 12 मिलिमीटरची पोकळी जाड आवाजाला फारशी कामाची नाही.

प्रकाश काका: आणि कंपाउंडची भिंत उंच केली तर? झाडं?

मिलिंद: तुमच्या पहिल्या मजल्याला भिंतीचा फायदा होईल, कारण रस्ता नजरेआड जाईल. सातव्या मजल्यावरून मला रस्ता दिसतोच, मला काही नाही. झाडांची एक रांग सावली देते, आवाज अडवत नाही.

सुनीता: खिडक्या बंद ठेवल्या तर मे महिन्यात हवा?

मिलिंद: हाच रिपोर्टमधला कच्चा दुवा. 35 हा आकडा बंद खिडकीचा आहे आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही. आवाज अडवणारा व्हेंट लागेल, तोही मोजणीत धरून. कोटेशनमध्ये तो कुठेच नाही.

प्रकाश काका: मग रविवारच्या मीटिंगआधी कोटेशन परत पाठवतो. गॅस्केट आणि व्हेंट लिहून आणा म्हणावं. आणि आधी एकाच फ्लॅटला बसवून रात्री आत मीटर लावू, बाकी पैसे नंतर.