बिटमास्क: जुनाट हट्ट की आपल्यालाच वाचता येत नाही?

घोडबंदर_ट्रॅफिक:
नवीन प्रोजेक्ट गळ्यात पडलाय, सोसायटी मॅनेजमेंटचा. फ्लॅटच्या टेबलात flags नावाचा एकच कॉलम आणि आत १३, ६, ९ असले आकडे. कोडात कुठेतरी कोपऱ्यात लिहिलंय की १ गेट मेसेज, २ पार्किंग, ४ थकबाकीची आठवण, ८ इंटरकॉम. सरळ चार हो-नाही कॉलम करायला काय झालं होतं? मेमरी महाग होती तेव्हाचा हा हट्ट आहे, आता बंद करा.

महापे_मामा:
सकाळी सकाळी डोकं फिरवलंस. मी बावीस वर्षं कंट्रोलर बोर्ड बनवतोय, तिथे हट्ट वगैरे काही नसतं, एका रजिस्टरच्या आठ बिटांना आठ वेगळ्या गोष्टी जोडलेल्या असतात, एक रिले, एक एलईडी, एक बझर, आणि चिप तुला कॉलम विचारत नाही. १३ वाचता येत नाही म्हणतोस, अरे ८ + ४ + १, म्हणजे पार्किंग सोडून सगळं चालू, यात काय वाचायचंय. आणि कामं तीनच आहेत:

```
f |= 2;         // पार्किंग चालू
f &= ~2;        // पार्किंग बंद
if (f & 2) ...  // पार्किंग आहे का
```

मधल्या ओळीत लोक अडखळतात. `~2` म्हणजे पार्किंगच्या जागी शून्य आणि बाकी सगळीकडे एक. त्याच्याशी अँड केलं की पार्किंग मेलं, बाकीचे जसे होते तसेच राहिले. आणि आधीच बंद असेल तर बंदच राहतं, काही बिघडत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, लोक तिथेच मरतात.

सानपाडा_फास्ट:
मामा एवढं कशाला, `f ^= 2` करा, बिट बंद. आम्ही कॉलेजपासून हेच करतो.

महापे_मामा:
बंद नाही रे बाबा, उलटं. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. बाथरूमच्या दिव्याचं बटण आहे ते. नेट अडकलं म्हणून माणसाने "रद्द करा" दोनदा दाबलं की पार्किंग परत चालू. कॉलेजात एकदाच दाबून पास झाला असशील.

सानपाडा_फास्ट:
ठीक आहे, पण चालू आहे हे आधी तपासून मग केलं तर बरोबरच येतं ना. उगाच कॉलेज काढू नका.

खजिनदार_कळवा:
मला यातलं फारसं कळत नाही, पण फ्लॅट आणि पार्किंग दिसलं म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीतही असंच अ‍ॅप आहे. गेल्या महिन्यात कमिटीत ठरलं की ज्यांनी पार्किंगचे पैसे भरले नाहीत त्या सगळ्यांचं पार्किंग एकदम रद्द करायचं, मी यादी निवडून बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी आठव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना, ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही, पार्किंगचा पास आला, आणि त्यांना थकबाकीचे मेसेज येणं बंद झालं. ते खूष, शिव्या मला. अ‍ॅपवाला म्हणतो तुम्हीच काहीतरी दाबलं असेल.

महापे_मामा:
काका, तुम्ही काही चुकीचं दाबलेलं नाही. त्या गृहस्थांचा आकडा आधी १३ असणार, पार्किंग नव्हतंच. अ‍ॅपवाल्याने बंद करायला वजाबाकी केलीय. आकडे तुमच्या अ‍ॅपचे वेगळे असतील, पण लक्षणं तंतोतंत हीच:

```
13     = 1101
13 - 2 = 1011   (11)
```

उजवीकडून दुसरं घर पार्किंग, तिसरं थकबाकी. दोन वजा करायला दुसऱ्या घरात एक नव्हता म्हणून तिसऱ्याकडून उसना घेतला. शाळेत हातचा घ्यायचो तसंच. थकबाकी गेली, पार्किंग आलं. ज्यांच्याकडे खरंच पार्किंग होतं त्यांचं १५ वजा २ बरोबर १३, म्हणून टेस्टिंगमधे कोणाला दिसलं नाही.

खजिनदार_कळवा:
अहो एका बाईंचा इंटरकॉम पण गेलाय! त्यांना मी फक्त थकबाकीची आठवण चालू केली होती.

महापे_मामा:
आधीपासून चालू होती ना? मग १३ अधिक ४, सतरा. म्हणजे फक्त १६ आणि १ उरले. आठवण पण गेली आणि इंटरकॉम पण. १६ वर काय ठेवलंय ते अ‍ॅपवाल्याला विचारा, बाईंना ते फुकट मिळालंय.

वाशी_स्क्रिप्ट:
तपासण्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. मी नेहमी `if (f & 2 == 2)` लिहितो, नीट बरोबरी करून, स्वच्छ.

महापे_मामा:
स्वच्छ? याच ओळीने माझे तीन दिवस खाल्लेत. सी मधे `==` आधी होतं आणि `&` नंतर. `2 == 2` झालं १, मग `f & 1`. तू पार्किंग विचारतोयस आणि उत्तर गेट मेसेजचं येतंय. माझ्या बोर्डात पहिलं बिट "पॉवर आहे" होतं, म्हणजे कायम एक, त्यामुळे अलार्म कायम वाजायचा. मी सेन्सर बदलले, वायरिंग बदललं, गिऱ्हाईकासमोर अर्थिंगला नावं ठेवली. शेवटी कंस घातला: `(f & 2) == 2`.

वाशी_स्क्रिप्ट:
माझं जावास्क्रिप्ट आहे, सी नाही.

पायथॉनवाली_ऐरोली:
जावास्क्रिप्टने तोच क्रम उचललाय, त्यामुळे तुझंही चुकतंय, आणि गुपचूप चुकतंय. जावा निदान कंपाइलच करत नाही, आकडा आणि हो-नाही यांचा अँड त्याला चालत नाही. पायथॉनमधे `&` आधी होतं, त्यामुळे तुझी ओळ आमच्याकडे बरोबर चालली असती. सी वाल्यांनी अख्ख्या जगाला कंस घालायला लावलेत.

महापे_मामा:
सी ला शिव्या देण्याआधी इतिहास बघ. सुरुवातीला `&&` नव्हतंच, `if` मधे `&` च तेही काम करायचं, तेव्हा `a == b & c == d` कंसाशिवाय लिहिता यावं म्हणून क्रम तसा होता. `&&` नंतर आलं, पण तोवर लिहिलेला कोड मोडेल म्हणून क्रम तसाच ठेवला. सी बनवणाऱ्या डेनिस रिची यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

पायथॉनवाली_ऐरोली:
म्हणजे चूक मान्य आहे, फक्त जुनी आहे म्हणून माफ. आमच्या बिल्डिंगच्या गळक्या टाकीबद्दल सेक्रेटरी हेच सांगतात.

वाशी_स्क्रिप्ट:
मग मी `(f & mask) > 0` लिहीन. झालं?

पायथॉनवाली_ऐरोली:
३१ नंबरचं बिट येईपर्यंत झालं. जावास्क्रिप्टमधे `1 << 31` उणे येतं, मग बिट चालू असूनही "> 0" खोटं. `!== 0` लिही. आणि `1 << 32` करशील तर परत १ मिळेल, तिथे घरं ३२ च.

वाशी_स्क्रिप्ट:
आता कळलं लोक बिटमास्कला का घाबरतात. तुमच्यासारखी माणसं शिकवतात म्हणून.

घोडबंदर_ट्रॅफिक:
आत्ता कापूरबावडीला अडकलोय म्हणून लॅपटॉप उघडून शोधलं. माझ्या प्रोजेक्टमधे `flags = flags - 2` तीन ठिकाणी आहे. काका, आपलं अ‍ॅप एकच नसावं ही देवाजवळ प्रार्थना. पण मामा, यातून माझंच म्हणणं सिद्ध झालं. पार्किंगचा वेगळा कॉलम असता तर हातचा कुठून घेतला असता? शिवाय `flags & 4` वर शोधायला त्या कॉलमचा साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, अख्खं टेबल चाळावं लागतं.

महापे_मामा:
डेटाबेसचं मान्य. चार खुणांसाठी चार कॉलम कर, तुझा इंडेक्स तुला लखलाभ. माझ्या चिपला ते सांगायला येऊ नकोस. आणि बदलेपर्यंत त्या तीन ओळी आजच दुरुस्त कर.

घोडबंदर_ट्रॅफिक:
ओळी करतो. पण आधीच बिघडलेले आकडे? ११ दिसला तर तो खरा ११ की बिघडलेला १३, कसं ओळखणार?

महापे_मामा:
आकड्यावरून नाही ओळखता येणार. जुना बॅकअप आहे का?

खजिनदार_कळवा:
बॅकअपचं मी विचारलं होतं, अ‍ॅपवाला म्हणाला त्याचे वेगळे पैसे. सायकल नसलेले गृहस्थ आता पास परत द्यायला तयार नाहीत, भाच्याची गाडी लावलीय.