मोबाईल नंबर एन्क्रिप्ट केले, आता काट्यावर सभासद शोधायचा कसा?

कापूसकाटा
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे १२,००० सभासद आहेत. मोबाईल आणि बँक खात्याचे कॉलम पोस्टग्रेसच्या `pgp_sym_encrypt` ने एन्क्रिप्ट केले. आता शेतकरी नंबर सांगतो तेव्हा सगळ्या ओळी उलगडून पाहाव्या लागतात आणि मागे गाड्यांची रांग लागते. ब्लाइंड इंडेक्स घ्यावा, टोकनायझेशन करावं, की आणखी काही सोपं आहे?

पुसदचा गडी
भाऊ, एवढी कटकट काहून करता? माह्या कृषी केंद्रात मी अख्ख्या हार्डडिस्कले बिटलॉकर लावलं. मशीन चोरीले गेलं तरी कोणाले काही दिसत नाही. शोधणंही पहिल्यासारखंच चालते.

हिंगणघाटवाली
चोरीपुरतं ते बरोबर आहे. पण मशीन चालू असताना डिस्क उघडीच असते, आणि रात्रीचा बॅकअप पेनड्राइव्हवर गेला की त्यातले नंबर कोणीही वाचू शकतं. प्रश्न त्याचा आहे.

कापूसकाटा, शोध रखडण्याची दोन कारणं आहेत. हे फंक्शन एकच नंबर दर वेळी वेगळ्या रूपात साठवतं, म्हणून त्या कॉलमवर इंडेक्स लावून उपयोग नाही. शिवाय पासवर्डपासून चावी काढताना ते हॅशिंगचं काम मुद्दाम वाढवतं. तेच काम एका शोधासाठी १२,००० वेळा होतं.

एन्क्रिप्ट केलेला कॉलम तसाच ठेवा. शेजारी नंबरचा एचमॅक, म्हणजे गुप्त चावी घालून काढलेला हॅश, साठवणारा दुसरा कॉलम घ्या आणि इंडेक्स त्याच्यावर लावा. ब्लाइंड इंडेक्स म्हणतात तो हाच. त्याची चावी वेगळी असू द्या, आणि ती डेटाबेसमध्ये ठेवू नका.

```python
hmac.new(key, mobile.encode(), hashlib.sha256).digest()
```

त्याआधी नंबर एकाच साच्यात आणा. कोणी +91 लावतं, कोणी आधी शून्य, कोणी ९८ असं देवनागरीत टाइप करतं. हे राहिलं तर सभासद यादीत असून सापडणार नाही आणि कोणताही एरर येणार नाही.

कळंबकर
चावी सांभाळायचा व्याप कशाला? साधा एसएचए-२५६ पुरेसा आहे. त्यातून मूळ नंबर उलटा काढता येत नाही.

हिंगणघाटवाली
उलटा काढावाच लागत नाही. आपले मोबाईल नंबर १० आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला चांगल्या ग्राफिक्स कार्डला मिनिटही लागत नाही. एचमॅकची चावी हाती नसेल तर ही यादी बनवताच येत नाही.

कळंबकर
हे पटलं. मग एकच नंबर दर वेळी सारखाच एन्क्रिप्ट होईल असं करा, दुसरा कॉलमही वाचेल. दोन्हीकडे गळती तीच आहे, कोणते नंबर सारखे ते दिसणार.

हिंगणघाटवाली
गळती तीच, हे खरं. आपल्याकडे ती लहानही नाही. एका घरात चार सातबारे आणि फोन एकच, म्हणजे सारख्या किमती पाहून कोण कोणाच्या घरचं ते कळतं.

पण एचमॅक कापता येतो. फक्त १२ बिट ठेवले तर ४,०९६ किमती उरतात आणि एका किमतीवर सरासरी तीन सभासद येतात. तेवढे तीन उलगडून खरा ओळखायचा. कोण घरचं आणि कोण योगायोगाने तिथे आलं, ते बाहेरच्याला खात्रीने सांगता येत नाही. सारखं एन्क्रिप्ट केलेली किंमत अशी कापता येत नाही, कापली की ती परत उलगडत नाही.

वर्धेकर
मी या मताचा नाही. अॅप आणि चावी काट्यावरच्या एकाच पीसीवर असतील तर पीसी नेणारा दोन्ही नेतो. टोकनायझेशनमध्ये काट्यावर नुसतं टोकन असतं, खरा नंबर दुसऱ्या सर्व्हरच्या तिजोरीत. तो टोकनवरून काढता येत नाही, कारण दोघांत गणिताचं नातंच नाही. यूआयडीएआयने २०१७ मध्ये आधार साठवणाऱ्यांना वेगळं डेटा व्हॉल्ट आणि बाकी ठिकाणी रेफरन्स की वापरायला सांगितलं, ते याच विचाराने.

कापूसकाटा
हंगामात आमच्याकडे लाइन जाते, नेटही जातं. तिजोरी जिल्ह्याला असेल तर काटा थांबेल.

हिंगणघाटवाली
आणि नंबरवरून टोकन शोधायला तिजोरीलाही आत इंडेक्स लागतोच. शोधायचा प्रश्न फक्त जागा बदलतो. खातं मात्र काट्यावर कोणी शोधत नाही, ते चुकाऱ्याच्या दिवशी लागतं. त्याला टोकन द्या, मोबाईलला ब्लाइंड इंडेक्स.

वर्धेकर
खात्याचं मान्य. पण मोबाईलची चावी त्या पीसीवर राहणार असेल तर माझा आक्षेप कायम आहे. निदान सुरू करताना ती हाताने टाका, डिस्कवर ठेवू नका.

कापूसकाटा
दर वेळी लाइन आली की चावी टाकायची, हे ऑपरेटरला पटवून पाहतो. अजून एक राहिलं. बरेच जण नंबर विसरतात आणि नाव सांगतात. कागदावर वानखडे, यादीत वानखेडे. एचमॅकला ते दोन वेगळे लोक वाटणार. नावावर कोणी हे चालवलं आहे का?