खिळ्यांनी नेमकं काय बदललं

> छपाई चीनमध्ये आधीपासून होतीच, मग गुटेनबर्गने वेगळं काय केलं?

खिळे म्हणजे एकेका अक्षराचे सुटे ठसे. ते पुन्हा वापरता येतात, हा लाकडी ठोकळ्यांच्या छपाईपेक्षा फरक. कोरियातल्या हेइन्सा मठात तेराव्या शतकातले ८१ हजारांहून जास्त कोरलेले लाकडी ठोकळे आजही आहेत, पण प्रत्येक ठोकळा फक्त आपलंच पान छापणार. चूक निघाली तर तेवढं लाकूड कोरून काढायचं आणि नवा तुकडा बसवायचा. गुटेनबर्गकडे शिशाच्या मिश्रधातूचे ओतीव खिळे होते. पान छापलं की सोडवून पुढच्या पानाला जुळवायचे. म्हणून नवा, छोटा मजकूरही छापणं परवडू लागलं.

चीनमध्ये मात्र अक्षरंच हजारो, त्यामुळे तिथे ठोकळेच सोयीचे. एकदा कोरून ठेवले की मागणी येईल तशा प्रती काढायच्या. त्यांना मागास म्हणणं मला पटत नाही.